भिंत मागून तापते

परतणारं अवकाशयान हवेशी घासून तापतं, असं अमरावतीच्या कोचिंग क्लासमध्ये मलाही शिकवलं होतं. ते अर्धवट आहे. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या यानापुढून हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबूनच भयंकर तापते. म्हणून यानाचा पुढचा भाग टोकदार न करता बसका करतात. त्याने ती तापलेली हवा जरा लांब राहते. तरी जी उष्णता अंगावर येते तिच्यासाठी आम्ही, म्हणजे उष्णताकवचाच्या फरशा चिकटवणारी माणसं.

या फरशा राळ भरलेल्या, वजनाला हलक्या असतात आणि जळणं हेच त्यांचं काम. वरचा थर कोळसा होतो. राळेतून सुटणारा वायू उष्णता घेऊन बाहेर पडतो, तापलेल्या हवेलाही मागे रेटतो, आणि कोळसा आतल्या भागाला झाकून ठेवतो. फरशी पुरी जळायच्या आत परतीचा तो सगळ्यात तापता टप्पा संपला पाहिजे आणि तिच्याखालचा गोंद सुटता कामा नये.

दक्षिणेतल्या आमच्या अवकाश केंद्रात वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच. दुसरे अकोल्याचे, माझ्यापेक्षा सिनिअर. मी त्यांना भाऊ म्हणायची. एकाच भाषेचे असल्याने आमची भांडणंही मोकळी व्हायची.

चिकटवलेली फरशी आम्ही नाण्याने हलकेच वाजवून बघतो. खाली पोकळी राहिली तर आवाज बद्द येतो. माणूस न बसवता पाठवायच्या चाचणीच्या यानावर एका फरशीचा आवाज मला तसा वाटला. यंत्राने तपासलं, ठीक निघालं. माझं समाधान होईना. मी हट्टी आहे, घरचेही हेच सांगतील. भांडून भांडून फरशी काढायला लावली. बघते तर खालचा गोंद अगदी एकसारखा, कुठे पोकळीचं नाव नाही.

भाऊ म्हणाले, "चांगल्या फरशीले काहून हात लावला तू?"

काम लांबलं, लोक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. त्या जागी नवी फरशी मी स्वतः चिकटवली, खाली तापमान मोजणारी तार होतीच. नाण्याने वाजवली, यंत्राने तपासली, दोन्हीकडे पास. पण आता ती सुटली तर दोष कोणाचा हे शोधायला चौकशी समितीची गरज नव्हती. मला जेवण जाईना.

यान परतलं त्या दिवशी नियंत्रण कक्षात भाऊ माझ्या शेजारी बसले होते. यानाभोवतीची हवा इतकी तापते की तिच्यातून रेडिओचा संदेश पार होत नाही. त्यामुळे काही मिनिटं पडदा मुका होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मागे कोणीतरी चहाबद्दल बोललं आणि मला त्याचा अस्सा राग आला. मग आकडे परत आले. पॅराशूट उघडली. टाळ्या सुरू झाल्या.

माझ्या फरशीखालचा आकडा मात्र चढतच होता.

"भाऊ, वाढून राहिलं."

"वाढीनच. अकोल्याले मे महिन्यात घरातली भिंत कधी तापते?"

"ऊन उतरल्यावर."

"मंग बस गुमान."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. बाहेरची उष्णता संपली तरी फरशीत मुरलेली हळूहळू आत सरकते, गोंदापर्यंत पोचते ती मागाहून. मीच नव्या मुलांना हे शिकवते. पण आपली फरशी असली की शिकवलेलं कामाला येत नाही. यान समुद्रात टेकलं, सगळे उभे राहिले, मी बसूनच. आकडा रेंगाळत चढला, मर्यादेच्या बराच खाली थांबला आणि एका अंशाने उतरला. शेजारच्या फरशांसारखाच. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

भाऊ पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "अमरावतीचे लोकं हट्टी. पण हात बरा हाय तुया."

संध्याकाळी आईचा फोन आला, चांदूर बाजारहून. तिने टीव्हीवर जहाजावर चढवलेल्या, काळवंडलेल्या यानाचा फोटो पाहिला होता. आवाज पार उतरलेला.

"कायंठिक्कर पडलं वो बाई यान. तुयी सारी मेहनत जयाली."

"माय, ती फरशी जळायलाच लावली होती."

"अन् आतून?"

"आतून काही झालं नाही. आत माणूस असता तर आरामात बसून आला असता."

मग म्हणाली, "मंग तू रडून काहून राहिली?"