शब्दसूचीतून गळालेली बोडी

साकोलीत भाषांतर करून पोट भरणारी बाई म्हणजे तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारी, असा बहुतेकांचा समज आहे. माझ्या नवऱ्याचाही तो अजून पुरता गेलेला नाही. त्यामुळे एका मोठ्या अहवालाच्या कामात माझ्याकडे शब्दसूची करायची जबाबदारी आली, तेव्हा मी ती बातमी घरात, शेजारी आणि किराणा दुकानातसुद्धा सांगून टाकली. दुकानदारानं 'बरं झालं' म्हणून साखर बांधून दिली.

अहवाल आमच्याच भागातल्या पाण्याचा होता. इथल्या एका संस्थेनं गावोगाव फिरून तो मराठीत लिहिला होता, आणि इंग्रजीत करून पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेकडे पाठवायचा होता. एवढा जाडजूड मजकूर एकट्याच्यानं होणारा नव्हता, म्हणून पुण्यातले दोन भाषांतरकार आणि मी अशा तिघांत तो वाटला. तिघांनी एकाच गोष्टीला तीन नावं देऊ नयेत म्हणून आधी महत्त्वाचे शब्द निवडून त्यांचे अर्थ आणि इंग्रजी प्रतिशब्द ठरवायचे होते. ते काम माझं.

अहवालाची मुख्य शिफारस अशी होती की गावतलावांबरोबर बोड्यांचाही गाळ काढावा. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून पावसाचं पाणी अडवलेला, एखाद्या घराचा लहानसा साठा. हे वाक्य मी आता किती सहज लिहिलं. तेव्हा ते लिहायला माझी काय दैना झाली, तेच सांगायचं आहे.

माझा धाकटा भाऊ सानगडीकडे धानाची शेती करतो. आमच्या बोडीत इतका गाळ साचला होता की ऐन धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पावसानं दडी मारली, तर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, सोडायला पाणीच उरत नसे. पाहणीच्या यादीत आमची बोडी आली होती. मी या कामात आहे हे कळल्यावर त्याचा फोन आला. मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणतो.

"बाई, कागद तुह्या हातून चालला म्हणते. बरोबर लिहजो बापा."

"अरे, मी काय आज लिहून राहिली का?" मी म्हटलं. त्या सुरात आत्मविश्वास फार होता.

काम सुरू केलं. संगणकावर एक साधन आहे, ते सगळा मजकूर चाळून पुन्हापुन्हा येणारी नामं आणि नामांचे गट काढून देतं, शेजारी ते किती वेळा आले तो आकडा. यादी आली, आणि सगळ्यात वरती काय, तर प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं अहवालाचं नाव. मी त्यालाच मुख्य संज्ञा समजून अर्थ लिहायला घेतला होता. दुसरी ओळ लिहिताना लक्षात आलं. कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

मग मराठीची गंमत. तलाव, तलावाचा, तलावात, तलावांना, हे त्या साधनाला चार वेगळे शब्द वाटतात. ते एकत्र करायचे. 'पाणी वापर', 'वापर गट' आणि 'पाणी वापर गट' असे तिन्ही तुकडे वेगळे मोजलेले असतात. त्यातला अख्खा गट ठेवायचा आणि अर्धवट तुकडे काढायचे. हे सगळं मी मन लावून केलं. शेवटी उरलं नेहमीच्या शब्दांना बाजूला काढायचं काम. 'आणि', 'आहे' तर साधनच गाळतं, पण घर, गाव, दिवस, माणूस असे शब्दही संज्ञा नसतात. त्यांची एक वगळायची यादी करून द्यावी लागते. मी भराभर टाकत गेले. गाव, घर, शेत, धान, रोवणी, बोडी.

बोडी. अहवालात ती गावतलावापेक्षाही जास्त वेळा आलेली होती. पण मला ती संज्ञा वाटलीच नाही. बोडी म्हणजे काय हे का कुणाला सांगावं लागतं? मी तिथे म्हशी धुतल्या, पोहायला शिकले, आईचा मार खाल्ला. आणि मी हुशार असल्यामुळे नुसता शब्द वगळला नाही, त्याचं मूळ रूपच वगळलं. त्यामुळे बोडीतला गाळ, बोडीची पाळ, बोडीखालची बांधी, असे तिच्याबरोबर येणारे सगळे गटही एका फटक्यात गेले. उरलेल्या जागेत मी 'सहभागात्मक संनियंत्रण' या शब्दावर सुंदर परिच्छेद लिहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

सूची पुण्याला गेली. दोघांनीही फार नेमकी सूची म्हणून कौतुक केलं. ते मी दुकानदारालाही कळवलं.

भाषांतर झालं, पाठवलं गेलं, आणि मग तिकडून प्रश्न आला. आमच्याकडे संस्थेतून काम बघणाऱ्या बाईंनी तो मला फोनवर वाचून दाखवला. पैसे देणारे विचारत होते की ज्या कुटुंबांकडे स्वतःच्या मालकीची सरोवरं आहेत, त्यांना मदतीची गरज काय? उत्तर मिळेपर्यंत त्यांनी बोड्यांचा सगळा भाग बाजूला ठेवला होता.

मी भाषांतर उघडून बघितलं. पुण्याच्या दोघांना सूचीत बोडी सापडली नव्हती. त्यांनी संदर्भावरून अंदाज केला. पाणी आहे, पाळ आहे, मासे आहेत, म्हणजे सरोवर. माझ्या वाट्याच्या पानांत मी 'बोडी' तशीच ठेवली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला ती तिसरीच काहीतरी वस्तू वाटली असणार. आणि माझा भाऊ, जो मोटारसायकलच्या हप्त्यावरून बायकोशी भांडतो, तो परदेशी कागदांवर सरोवराचा धनी झाला होता. मला आधी हसू आलं, मग यादीतलं आमच्या बोडीचं नाव पुन्हा वाचलं. गाळ निघाला नाही, तर पुढच्या धानाचं काय होणार हे मला चांगलं माहीत होतं.

त्या पुण्याच्या लोकांवर मला मनापासून राग आला. तो दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. त्यानंतर मात्र कुणावर टाकावा असं दुसरं माणूस सापडेना.

संस्थेच्या बाई म्हणाल्या, "आता बोडीची व्याख्या लिहून द्या. लहान, स्पष्ट. तिच्यावर सगळं अवलंबून आहे."

मी बसले आणि लिहिलं, 'बोडी म्हणजे बोडी.' पुसलं. 'लहान तलाव' लिहिलं, तर मग तलावासारखी ती सरकारी नाही का? 'शेततळं' लिहिलं, तर ते खोदलेलं असतं, बोडी तशी नसते. जे जन्मापासून पाहिलं ते सांगता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी दुसऱ्यांचे शब्द समजावून पोट भरते.

मग शेवटी जे आधी करायचं होतं ते केलं. बोडीला वगळायच्या यादीतून बाहेर काढलं आणि अहवालात ती जिथे जिथे आली, ती प्रत्येक ओळ एकाखाली एक लावली. शब्द मधोमध, अलीकडे-पलीकडे त्याचे शेजारी. मग दिसायला लागलं. बोडी नेहमी बांधीच्या वर असते. तिच्यातलं पाणी 'सोडतात', उपसत नाहीत. उन्हाळ्यात ती आटते. तिची पाळ घरचे लोक सावरतात. निम्मी व्याख्या त्या ओळींनीच लिहून दिली. अडलं ते मालकीवर. कुठे 'घराची बोडी', कुठे 'भावकीची', कुठे 'सामाईक'. आणि पैसे देणाऱ्यांचा प्रश्न नेमका मालकीचाच होता.

मी भावाला फोन लावला. "आपली बोडी कोणाच्या नावानं हाये रे?"

"तुह्या अन् माह्या."

"माह्या कशी?"

"कशी म्हणजे? बाबा गेले तवा दोघायचंही नाव चढलं ना सातबाऱ्यावर. काहून, तुले मालूम नाही?"

मला मालूम नव्हतं. म्हणजे कधी तरी कळलं असेल, पण मी ते वगळायच्या यादीत टाकलं असणार. आमच्याकडे लग्न झालेली मुलगी हक्कसोडपत्रावर सही करून देते, राखीला साडी घेते आणि विषय संपतो. माझ्या बहुतेक मैत्रिणींनी केलेल्या आहेत सह्या. मीही केली असणार, असंच मी धरून चालले होते.

म्हणजे ज्या बोडीची व्याख्या मी लिहीत होते, तिची मी निम्मी मालकीण. आता हे सांगायचं की गप्प बसायचं? सांगितलं तर पैसे देणारे म्हणणार की ही आपल्याच फायद्याचं लिहिते, आणि आमची बोडी यादीतून उडणार. दोन दिवस मी स्वयंपाक बिघडवला. मग भावालाच विचारलं.

तो म्हणाला, "खरं हाये तं लिह. बाकीच्यायच्या बोड्या तरी वाचतीन."

मी लिहिलं. बोडी: शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून पावसाचं पाणी अडवलेला लहान साठा, धानाला ताण पडल्यास खालच्या बांधीत पाणी सोडण्यासाठी. उन्हाळ्यात आटतो. मालकी सरकारची नसून एका घराची किंवा अनेक वारसांची, त्यात लेकीही येतात. आणि खाली टीप, की ही नोंद करणारी स्वतः यादीतल्या एका बोडीची हिस्सेदार आहे. भाषांतरात जिथे जिथे सरोवर होतं, तिथे बोडी परत ठेवली. ती पानं बदलताना हात दुखला, ते बरंच झालं.

उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत भावाचा एकही फोन आला नाही आणि मीही लावला नाही. मग संस्थेच्या बाईंनी कळवलं की बोड्या परत घेतल्या. आमच्या बोडीसाठी त्यांनी आणखी एका माणसाला बघायला पाठवलं, तो येऊन गेला आणि तीही मंजूर झाली. एक अट होती, काठाचा गाळ मालकांनी स्वतः उचलायचा. बोडीच्या सगळ्या हिस्सेदारांनी.

भावानं निरोप दिला, "मालकीणबाई, फावडं आणाचं नाही, इथं हाये."

उन्हाळ्यात मी साकोलीहून बसनं गेले. घमेलं डोक्यावर घेऊन काठावर चढताना मी दोनदा बसले आणि भावजयीनं दोन्ही वेळा पाणी दिलं. भाऊ खाली उभा राहून फावड्यानं काळा गाळ भरत होता. घमेलं भरलं तरी मी उचललं नाही.

"तू हक्कसोडपत्रावर माही सही काहून नाही मागितली रे? सगळे तं मागतेत."

त्यानं वर पाहिलं नाही, घमेल्यात आणखी थोडा गाळ टाकला.

"मागितली असती तं तू देल्ली असती, बाई. म्हणून नाही मागितली."