एकशे चार

सांगलीच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा आमच्या घरात सही करता येणारा मी एकटाच होतो. बोर्डिंगात माझ्या शेजारच्या खाटेवर जत भागातला एक मुलगा होता. त्याचे वडील मेंढरं राखायचे. त्याच्याही घरात तो पहिलाच. आम्हा दोघांना फुकट राहायला-जेवायला मिळायचं, पण एका अटीवर: वर्षाच्या चार चाचण्यांची सरासरी शंभरात पन्नास तरी पडली पाहिजे. कमी पडली की खाट सोडायची.

चौथी चाचणी जवळ आली तेव्हा तो माझ्याकडे आला. गणित माझं बरं होतं.

"आता किती पाडाय लागत्याल, काढ की गड्या."

त्याला पहिल्या चाचणीत बावन्न होते, तिसरीत चव्वेचाळीस. दुसरीच्या वेळी तो हिवतापानं अंथरुणाला खिळला होता.

"दुसरीचं काय धरू?" मी विचारलं.

"बसलोच न्हाई, तर धरायचं कशाला? तीनच की."

मलाही ते पटलं. ट्रंकेच्या झाकणावर मी खडूनं मांडलं. तीन चाचण्या, पन्नासची सरासरी, म्हणजे दीडशे हवेत. बावन्न आणि चव्वेचाळीस मिळून शहाण्णव झाले. राहिले चौपन्न.

"चौपन्नच?" तो हसला. "लय भ्यालो हुतो रं उगाच."

मग त्यानं माझेही काढायला लावले. मला शेहेचाळीस लागत होते. "तू तर झोपून पाडशील," तो म्हणाला.

त्या आठवड्यात तो गात गात आंघोळ करायचा. रॉकेल कंट्रोलचं होतं, मोजून मिळायचं, एका कंदिलाचं दोघांत भागत नव्हतं, म्हणून आम्ही थोडं जास्त मागायला बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटांच्या खोलीत गेलो. त्यांनी सहज विचारलं, "किती हवेत तुला?"

"चौपन्न, सर."

ते थांबले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. "कसे काढलेस?"

मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गैरहजर म्हणजे शून्य धरतात, बाळांनो. भागायचं चारानंच. आधी अर्ज दिला असता तर वेगळं होतं."

"आवं सर, शुद्धीवर कुठं हुतो मी," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. मी बोर्डिंगच्या कमिटीला लिहिलं होतं. त्यांनी नाही म्हटलं."

मला कागद लागला नाही. चारांचे दोनशे, त्यातून शहाण्णव गेले. रॉकेल मिळालं. बाटली घेऊन आम्ही परत निघालो. व्हरांड्यात त्यानं विचारलं, "किती?"

"एकशे चार."

"शंभरातलं?"

"हो."

त्यानं बाटलीचं बूच घट्ट बसवलं. मग म्हणाला, "वरचं चार तू दे की उसनं." मला हसता आलं नाही.

मला वाटलं, आता तो गाठोडं बांधील. पण जेवण झाल्यावर त्यानं पुस्तक उघडलं आणि कंदील मधोमध ठेवला.

"आता कशाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं, असं लगेच वाटलं.

"चौपन्न पडत्यात का, बघतो," तो म्हणाला. "तेवढं तरी कळू दे."

चाचणी होईपर्यंत तो माझ्यापेक्षा जास्त वाचत बसला. अडलं की मला उठवायचा. आंघोळीला मात्र गाणं बंद झालं.

गुण वर्गात वाचून दाखवले. मला अठ्ठेचाळीस. त्याला एकाहत्तर, वर्गात त्याच्या वर कुणी नव्हतं. सरांनी आकडा दोनदा वाचला. मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "धनगरानं मारली की बाजी." तो खाली बघत होता.

चारानं भागून त्याची सरासरी पावणेबेचाळीस आली. दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंटांनी त्याला बोलावून घेतलं. परत आला आणि घोंगड्याची घडी घालू लागला. माधवनगरच्या गिरणीत त्याचा चुलता होता, त्याच्याकडं जाणार होता.

मी त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. गाठोडं त्यानं मला घेऊ दिलं नाही. बरंच चालल्यावर तो म्हणाला, "तीनानं भागलं तर किती हुतंय रं?"

मी ते आधीच काढून ठेवलं होतं. "साडेपंचावन्नच्या वर."

"म्हंजी अटीत बसलो असतो."

"हो."

"सांगतो घरी," तो म्हणाला, आणि गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

घरी म्हणजे कुणाला, हे मला विचारता आलं नाही. त्याच्या घरी सरासरी कुणाला कळणार होती? माझ्याही घरी कळली नाही. मी पास झाल्याचं सांगितलं तेव्हा आईनं फक्त विचारलं, "आणि तुझा तो जोडीदार?"