कानावरचं जानवं

आजारी भावाला भेटायला मी दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खाटेवर अर्धांगवायू झालेले एक आजोबा होते. वाचा गेलेली, उजवा हात निपचित. एकाएकी त्यांचा डावा हात छातीवर काहीतरी चाचपडू लागला. नर्स घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाली.

"सिस्टर, छातीत नाही दुखत," उशाशी बसलेल्या आजी म्हणाल्या. "जानवं शोधताहेत. लघवीला लागली असेल."

त्यांनी सदऱ्यातून जानवं ओढून आजोबांच्या उजव्या कानाला गुंडाळलं. हात थांबला. मग भांडं लावता आलं.

मुंजीतले मंत्र गेले, स्वतःचं नावही ओठांवर येत नव्हतं. पण धागा आधी वर घ्यायचा, एवढं अंगात उरलं होतं. मी सोवळंओवळं मानत नाही. तरी एका माणसाची सगळी अब्रू त्या सुती दोऱ्यावर टांगलेली पाहून मला त्याला नावं ठेववेनात.

नंतर आजींनी त्यांचे हात धुतले, चूळ भरवली, आणि मगच जानवं कानावरून उतरवून डाव्या खांद्यावर सारखं केलं. कुठेही न चुकता.

आजींची स्वतःची मुंज कधी झाली नव्हती.