चार गुणांची पुढे चाल

गणिताच्या मास्तराला फुटबॉल कळतो, हा समज चिखलीत कोणी पसरवला मला माहीत नाही. मी तो खोडून काढला नाही, एवढं मात्र खरं. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जो तो काहीतरी नवं घडवण्याच्या घाईत होता, आणि माझ्या वाट्याला गुणपद्धती आली.

आमच्या शाळेच्या मैदानावर हिवाळ्यात सहा संघांची लीग चालायची. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. जिंकल्याला दोन गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक. हा एक गुण घरूनच बांधून आणल्यासारखे संघ यायचे. दहा माणसं आपल्या गोलासमोर उभी करायची आणि अकराव्याला पुढे हवा खायला पाठवायचं. प्रेक्षक शेंगा फोडत बसायचे, आणि शेंगा संपल्या की घरी जायचे. लीगचे अध्यक्ष आमचे हेडमास्तरच होते. ते एकदा वैतागून म्हणाले, "मास्तर, लोक मैदानात निजून राह्यले. तुमी आकडेमोडवाले ना? करा ना बा काही!"

मी पंधरा दिवस बसलो. दोन वह्या खराब केल्या. शेवटी समितीपुढे जे मांडलं ते असं. जिंकल्याला तीन गुण. बरोबरीला एकच, म्हणजे बरोबरीची चटक सुटेल. जो संघ एका सामन्यात तीन किंवा जास्त गोल करील त्याला वर एक गुण, मग तो जिंको की हरो. समोरचा संघ आलाच नाही, तर आलेल्याला पुढे चाल, म्हणजे वॉकओव्हर. तो सामना ३-० धरायचा, पूर्ण चार गुण द्यायचे, आणि न आलेल्याला भोपळा. बिचारा वेळेवर आला, त्याचं नुकसान का व्हावं? शेवटी दोन संघांचे गुण सारखे झाले तर ज्याचे गोल जास्त त्याला विजेत्याची ढाल. सगळीकडून हल्ल्याला उत्तेजन. समितीने टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

पहिल्याच रविवारी अडत बाजाराच्या संघाने दुसऱ्या एका संघाशी ३-३ बरोबरी केली. मैदान खूश झालं. पुढच्या रविवारी याच बाजारवाल्यांची तिसऱ्याच संघाशी पुन्हा ३-३ झाली. या वेळी मी नीट पाहिलं. पहिले तीन गोल एका बाजूचे, मग तीन दुसऱ्या बाजूचे, आणि सहावा झाल्यावर दोन्ही संघ पाणी प्यायल्यासारखे निवांत. बरोबरीचा एक आणि गोलांचा एक, असे दोघांना दोन-दोन मिळत होते. आधी ०-० करायला जेवढी मेहनत लागायची, तेवढ्याच मेहनतीत आता ३-३ होत होती. बाजारातली माणसं ती, भाव त्यांना माझ्या आधी कळला. मी हेडमास्तरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "आता चालू लीगमंदी नियम बदलता येत नाही. अन् काऊन बदलता? लोक जागे हायेत ना!"

बाजारवाल्यांना पुढे मेहकरच्या संघाकडून पुढे चालही मिळाली. मेहकरवाले का आले नाहीत, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

या सगळ्यात अमडापूरचा संघ तेवढा वेडा निघाला. त्यांचा कप्तान वांगी-टमाटे पिकवणारा माळी, पस्तिशीचा, उजवा गुडघा कायम फडक्याने बांधलेला. डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, हे शेवटचं वर्ष. त्याच्या गावाने ढाल कधी पाहिली नव्हती, आणि ती गावच्या शाळेत लावायची म्हणून त्याने भिंतीत खिळाही ठोकून ठेवला होता. बाजारवाल्यांना हरवणारा एकटा हाच संघ, २-१ ने. एकदा तर ३-४ ने हरून मैदानाबाहेर आला तेव्हा कप्तान मला म्हणाला, "हरलो, पन एक गुन भेटला का नाही? तुमचा नियम लय ब्येस हाय, मास्तर." माझ्या नियमाची अशी तारीफ दुसऱ्या कोणी केली नाही, आणि मला ती फार गोड लागली.

शेवटच्या रविवारी बाजारवाल्यांचे पाचही सामने संपून अकरा गुण झाले होते. गोलही अकरा. अमडापूरचे चार सामन्यांत आठ गुण आणि आठ गोल. शेवटचा सामना लोणारशी, आणि लोणारचा पत्ता नाही. त्यांचा ट्रक मेहकरच्या अलीकडे टायर फुटून उभा होता. मागून आलेल्या एका जीपवाल्याने निरोप दिला, की येऊन राह्यले, थांबा म्हणाले.

नियमात थांबायला अर्धा तास होता. तो संपला. पुढे चाल हवी असेल तर हजर कप्तानाने फॉर्मवर सही करून मागायची, असंही मीच लिहिलेलं. मी फॉर्म भरून तयारच ठेवला होता: अमडापूर ३, लोणार ०, गुण ४. आठ आणि चार बारा. ढाल अमडापूरची. मला इतका आनंद झाला होता की पेनाचं टोपण काढूनच मी अमडापूरच्या कप्तानाकडे गेलो.

"सही करा."

त्याने फॉर्म वाचला. "ते येऊन राह्यले ना?"

"अर्धा तास झाला. नियम आहे."

"नियम हाय, मले मालूम हाय. पन ते पोट्टे टायर बदलून येऊन राह्यले, अन् मी रिकाम्या खांबात बॉल लोटू? मंग इतके दिस खेळलो काऊन?"

"तुम्ही जिंकलात तरी तीनच गुण मिळतील. अकरा होतील, आणि गोलात मागे पडाल. ढाल हवी तर तीन गोल करावे लागतील."

"मंग करू ना तीन," तो म्हणाला, आणि गुडघ्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधायला बसला.

लोणारवाले दीड तास उशिरा आले, हात काळे, कपडे धुळीचे. सामना सुरू झाला आणि एकही माणूस शेंगा फोडेना. अमडापूरने दोन गोल केले. लोणारने एक फेडला. शेवटची दहा मिनिटं अमडापूरचा गोलकीपर सोडून सगळे समोर होते, आणि कप्तान लंगडत त्यांच्या पुढे. दोनदा चेंडू खांबाला लागून परत आला. उजेड कमी होत गेला आणि शिट्टी वाजली. २-१.

अकरा गुण आणि अकरा गुण. गोल बाजारवाल्यांचे अकरा, अमडापूरचे दहा. अकरांतले नऊ दोन ठरवलेल्या बरोबऱ्यांतले आणि एका न झालेल्या सामन्यातले, हे मला ठाऊक होतं, हेडमास्तरांना ठाऊक होतं, शेंगावाल्यालाही ठाऊक होतं. तक्त्याला ठाऊक नव्हतं. मी तक्ता वाचून दाखवला. माझा आवाज बसला होता, तो थंडीने बसला असं मी म्हणालो.

ढाल बाजाराच्या पेढीवर गेली. समितीने 'आक्रमक खेळास चालना देणारी पद्धती' म्हणून माझ्या अभिनंदनाचा ठराव केला, आणि मी तो नाकारला नाही. पुढच्या वर्षी मी पुढे चालीचे गुण दोनवर आणले, आणि जादा गुण फक्त जिंकणाऱ्याला ठेवला. पद्धत आता चांगली झाली होती. अमडापूरचा संघ मात्र आला नाही. त्यांना जमवणारा माणूस आता काठी घेऊन मळ्यात फिरत होता.

ठरावाचा कागद कधीच हरवला. तो फॉर्म अजून माझ्याजवळ आहे. अमडापूर ३, लोणार ०, गुण ४, सगळं माझ्या अक्षरात. सहीची जागा कोरी आहे. मी तो कधीमधी काढून बघतो, आणि दर वेळी मला माझीच लाज वाटते.