पासष्ट अंशांचा चिखल

साहेबांनी मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, हे लेग तुमच्या शीटवर बरोबर आले तर तुमी फील्डला. नाय आले तर ऑफिसात बसून टायपिंग. टेन्शन नको, दोन्ही कामं मानाचीच आहेत." बेलापूरच्या त्या छोट्या सर्व्हे ऑफिसात मी नवी होते आणि टायपिंग मला विषासारखं वाटायचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एक कॉम्प्युटर, एक हातात धरायचा जीपीएस आणि वीस वर्षं मोजणीची साखळी ओढलेले दिवाळे गावचे एक काका, एवढीच आमची सामग्री. जीपीएस तेव्हा शंभर मीटरपर्यंत सहज फसवायचा, म्हणून बराच वेळ रीडिंग घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि लेग, म्हणजे एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचे सरळ टप्पे, लांब ठेवायचे.

मी कॉम्प्युटरवर हिशोबाचं स्प्रेडशीट बनवलं होतं, आणि काय ऐटीत! दोन बिंदूंचे अक्षांश-रेखांश घातले, अंशांचे रेडियन केले, की एका रकान्यात अंतर आणि दुसऱ्यात सुरुवातीचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं किती अंश वळून निघायचं ते. पहिला लेग होता दिवाळ्यापासून बंधाऱ्यावरच्या दगडापर्यंत. शीट म्हणालं चव्वेचाळीस, होकायंत्र म्हणालं सेहेचाळीस. जीपीएसचा स्वभाव पाहता दोन अंश म्हणजे काहीच नाही. साहेबांनी मान डोलावली आणि मी मनातल्या मनात फील्डचे बूट खरेदी केले.

दुसरा लेग बंधाऱ्यावरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत. तो पुढचा दगड मी पाहिलेला नव्हता. साहेब आणि काका आधीच जाऊन तो पुरून, त्याची जीपीएस रीडिंग घेऊन आले होते. शीट म्हणालं, अंतर दोन किलोमीटरला जरा कमी, बेअरिंग पासष्ट. बंधाऱ्यावरच्या दगडापाशी उभी राहून मी होकायंत्र डोळ्याला लावलं आणि पासष्टच्या दिशेला हात दाखवला.

काकांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाय, दगड तं तिकडं डोंगराच्या पायथ्याला हाय. मीच पुरलाय."

"काका, शीट चुकत नाही," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात. साहेबांनी मला जाऊ दिलं. नंतर कळलं, त्यांना बघायचं होतं की मी कुठपर्यंत जाते.

मी गुडघ्यापर्यंत गेले. पासष्ट अंशांवर आधी मिठागराचे बांध लागले, मग तिवरांची झाडी, मग खाडीचा काळा चिखल. त्याने माझी उजवी चप्पल घेतली ती परत दिलीच नाही. मागे बांधावर काका शांतपणे बिडी ओढत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

एका पायावर उभी राहून मी होकायंत्र काकांनी दाखवलेल्या डोंगराच्या पायथ्याकडे वळवलं. पंचवीस. पासष्ट आणि पंचवीस मिळून नव्वद! आणि पहिला लेग? चव्वेचाळीस आणि सेहेचाळीस, तेही नव्वद! माझं शीट उत्तरेपासून नाही, पूर्वेपासून कोन मोजत होतं. कॉलेजात फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत आम्ही त्या कोन काढणाऱ्या फंक्शनला आधी पूर्वेचा भाग द्यायचो, मग उत्तरेचा. स्प्रेडशीटला ते नेमकं उलट हवं असतं, आधी उत्तर, मग पूर्व. मी जुन्या सवयीनं लिहिलं आणि पहिला लेग नेमका पंचेचाळीसच्या जवळ निघाला, जिथे उलटसुलट सारखंच दिसतं. अंतराच्या सूत्रात हे फंक्शन मी वापरलंच नव्हतं, म्हणून अंतर मात्र बिनचूक. चुकीच्या कोनाला बरोबर अंतराची साथ, म्हणजे चोराला पोलिसाचे कपडे मिळाले होते.

चिखलातूनच ओरडले, "साहेब, चूक माझी! पंचवीस आहे!"

"मगासपासून त्येच सांगतंय," काका म्हणाले आणि मला ओढून काढायला साखळीचं टोक फेकलं.

बाहेर आल्यावर मी आधी काकांची माफी मागितली. रडू येत होतं, आणि ते टायपिंगच्या भीतीनं नव्हतं. ज्यानं स्वतःच्या हातानं दगड पुरला, त्याला मी दगड कुठे आहे ते शिकवत होते.

साहेबांनी माझ्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं. "उद्या साडेसातला बंधाऱ्यावर. बूट घालून या," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी सूत्र सुलट केलं आणि शीटमध्ये सगळ्यात डावीकडे एक नवा रकाना घातला. काका लिहीत नसत, बोट दाखवत. त्या बोटाचे अंश होकायंत्रावर वाचून तो रकाना मी आधी भरायची, आणि मगच सूत्राकडे बघायची.