मायक्रोमीटरबाईंची सहा वर्षं

बेअरिंगच्या कारखान्यात तिला सगळे ‘मायक्रोमीटर’ म्हणायचे. केसभर फरक तिच्या नजरेतून सुटत नसे, मग तो बेअरिंगच्या कड्यात असो की साहेबांच्या भांगात. मुलगी झाली, पाठोपाठ मुलगा झाला आणि तपासणी विभागातली ही वरिष्ठ निरीक्षक घरी बसली. ‘घरी बसली’ हे लोकांचं म्हणणं. त्या सहा वर्षांत आपण नेमकं बसलो कधी, हे तिलाही आठवत नव्हतं.

आता धाकटाही शाळेत जायला लागला होता. गावाबाहेरच्या पंपांच्या कारखान्याला तपासणी विभागाचा प्रमुख हवा होता, आणि तिला ती खुर्ची हवी होती. कामासाठी हवी होती, हे खरं. पण त्याहून खरं असं, की तशीच खुर्ची चिमणीकडे होती.

चिमणी म्हणजे तिच्या हाताखाली आलेली पोरगी. पहिल्या दिवशी मोजमापाचा व्हर्नियर उलटा धरून ‘ताई, हा बिघडलाय’ म्हणणारी. तिला हिनंच घडवलं. दोघींना मुलं झाली तीही मागेपुढेच. चिमणीनं बाळ आपल्या आईकडे सोपवलं आणि बाळंतपणाची रजा संपताच कामावर हजर झाली. आज त्याच विभागाची ती प्रमुख होती. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर हाताची घडी घातलेला तिचा फोटो होता, आणि खाली एकाला एक लागून चढत गेलेली पदं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मायक्रोमीटरबाई तो फोटो बघत बसायच्या.

“सवतीवरसुद्धा कुणी एवढी पाळत ठेवत नसेल,” नवरा म्हणाला.

“मी फक्त मांडणी बघतेय.”

“मग त्या बिचारीच्या नाकावर झूम कशाला केलंयस?”

रेझ्युमे लिहायला ती बसली तीही चिमणीचं पान शेजारी उघडून. चिमणीच्या पानावर जी वर्षं भरलेली, ती आपल्याही पानावर भरलेली दिसली पाहिजेत, असा हट्ट. आधी तिनं तारखांमधले महिने काढून नुसती वर्षं ठेवली. पण सहा वर्षं म्हणजे हत्ती, त्यावर रुमाल टाकून काय होणार! मग इंटरनेटवरच्या कुणा शहाण्याचं ऐकून ‘संचालक, गृहव्यवस्थापन’ असं लिहिलं.

“संचालक? मग मी कोण?” नवऱ्यानं विचारलं.

“कंत्राटी.”

तेही खोडलं. शेवटी ‘स्वतंत्र गुणवत्ता सल्लागार, सहा वर्षं’ ही ओळ आली आणि पान कसं गच्च भरलं. आधार एवढाच, की दिराचं छोटं वर्कशॉप होतं आणि अधूनमधून तो ‘वहिनी, जरा हे ड्रॉइंग बघ ना’ म्हणून मोबाइलवर फोटो पाठवायचा. या खेपेला नवऱ्यानं नुसता टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानं असं केलं की समजावं, पाणी मुरतंय.

अर्जात एक मेख होती. आधीच्या ठिकाणची, कामाबद्दल सांगू शकेल अशी एक व्यक्ती त्यांना हवी होती. जुने साहेब निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेलेले, फोन लागेना. उरली चिमणी. मायक्रोमीटरबाईंनी दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या दिवशी फोन केला.

“ताई! अहो, फोनवर काय, इकडेच या ना,” चिमणी चिवचिवली.

जुन्या विभागात पाऊल टाकलं. मोजमापाचं ग्रॅनाइटचं टेबल तेच, थंडगार हवा तीच, पण काचेच्या केबिनवर नाव आता चिमणीचं. चिमणीनं खुर्ची पुढे केली. खुर्ची गुबगुबीत होती, याचाही तिला राग आला.

चिमणीनं पान वाचलं आणि बोट एका ओळीवर थांबलं.

“सल्लागार? कुणाच्या?”

“दिराच्या वर्कशॉपच्या.”

“काही करार, बिलं?”

“घरच्या माणसाला कोण बिल लावतं?”

“ताई, ते लोक पडताळणी करतात. मला फोन येणार. मी काय सांगू?”

“हो म्हणायला तुझं काय जातंय? तुझी वर्षं तर सगळी भरलेली आहेत.”

शब्द निघाला तो निघालाच. चिमणीनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

“एक विचारू? पुरवठादाराचा माल आलाय. एका मापात फरक आहे, पण त्यानं कागदावर स्वतःहून लिहिलंय, फरक एवढा, कारण हे. घ्याल?”

“वापरण्याजोगा असेल तर घेईन.”

“आणि फरक लपवून ‘उत्तम’ शिक्का मारला असेल तर?”

“अख्खा लॉट परत!” मायक्रोमीटरबाई तडकून म्हणाल्या आणि मग आपल्याच कागदाकडे बघत राहिल्या.

“हे तुम्हीच शिकवलंत हं मला,” चिमणी म्हणाली. हे तर फारच झोंबलं. आपलंच शिकवलेलं, आणि तेही गुबगुबीत खुर्चीतून!

घरी येऊन तिनं रागारागानं पान पुन्हा लिहिलं. सगळ्यात वर नऊ वर्षांचा अनुभव, आणि ग्राहकांकडून परत येणारा माल आपण निम्म्यावर कसा आणला ते. खाली नोकऱ्यांच्याच रांगेत, महिन्या-वर्षांसकट, साधी ओळ: ‘नोकरीत खंड, पूर्णवेळ बालसंगोपन.’ त्याखाली गेल्या वर्षी केलेला नव्या गुणवत्ता मानकांचा अभ्यासक्रम, आणि दिराचं काम ‘अधूनमधून, विनामोबदला’ असं जसं होतं तसं. क्षमा मागणारा एक शब्द नाही. ‘मुलांनी मला संयम शिकवला’ हे वाक्य तेवढं तिनं लिहून खोडलं.

“धादांत खोटं म्हणून काढलंस ना?” नवऱ्यानं विचारलं.

मुलाखतीला समोर दोघं होते, मनुष्यबळ विभागाच्या बाई आणि कारखान्याचे व्यवस्थापक. बाईंनी विचारलंच, “मधे सहा वर्षं?”

“मुलं लहान होती, म्हणून मी ठरवून घरी होते. आता दोघंही शाळेत जातात, मी पूर्णवेळ येऊ शकते, आणि मधल्या काळात मानकं बदलली ती शिकून घेतली आहेत.”

आणि ती थांबली. हे थांबणं सगळ्यात अवघड. पोरांचे ताप, सासूबाईंचा गुडघा, सगळं ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं. बाईंनी मान डोलावली, काहीतरी टिपलं. व्यवस्थापकांनी एका शाफ्टचं ड्रॉइंग पुढे सरकवलं, “याची तपासणी कशी लावाल?”

ती बघत राहिली. “माप दिलंय, पण ते मोजायचं कुठल्या पृष्ठभागापासून, ते दिलेलं नाही. दोन निरीक्षक दोन आकडे आणतील.”

पुढचा पाऊण तास त्या शाफ्टवरच बोलणं झालं. सहा वर्षांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आठवड्यानं फोन आला. पद मिळालं, पहिले सहा महिने प्रोबेशनवर. त्यांनी चिमणीशी बोलून घेतलं होतं आणि चिमणीनं भरभरून सांगितलं होतं. म्हणजे आभार मानणं आलंच.

“अभिनंदन, ताई! मला माहीतच होतं. वेळ काय हो तिथली?”

“साडेपाचला सुटायचं. शनिवारी सुट्टी.”

पलीकडे शांतता.

“आमच्याकडे शनिवार पूर्ण असतो,” चिमणी जरा वेळानं म्हणाली. “आणि मुलगा अजून आजीजवळच झोपतो माझा. मला म्हणतो, तू पाहुण्यांच्या खोलीत झोप.” ती हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं.

त्या शांततेची जात मायक्रोमीटरबाईंनी लगेच ओळखली. सहा वर्षं ती त्यांच्याच घरात मुक्कामाला होती. आपण बघत होतो तसं कुणीतरी इकडेही बघत होतं तर! त्यांना चिमणीचं वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

पण त्याआधी त्यांनी आवाजात शक्य तेवढा साधेपणा आणून पुन्हा एकदा सांगितलं, “शनिवारी पूर्ण सुट्टी हं, अर्धी नाही.”