शाहपूरची कायम जागा

कोकिळाबाईंकडे नोकरीसाठी दोन बोलावणी एकाच आठवड्यात आली, तेव्हा त्यांच्या आईला, रंभाबाईंना, देवापुढे दिवा लावू की नारळ फोडू असं झालं. इंग्रजी अंमलातली, एकोणीसशे तिशीची ती सालं. बुऱ्हाणपुरात मॅट्रिक झालेली पोरं जिनात कपाशीचे गठ्ठे मोजत होती, आणि नागपूरहून नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षिकांची परीक्षा, पास होऊन आलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या या बाईला मात्र दोन शाळा मागत होत्या.

पहिली जागा शनवारा वेशीजवळच्या नगरपालिकेच्या मुलींच्या मराठी शाळेत. घरापासून चालत इतकी जवळ की दुपारच्या सुट्टीत येऊन गरम भाकरी खाता यावी. पण ती रजेवरची जागा होती. मालतीबाई नावाच्या शिक्षिका बाळंतपणाला गेल्या होत्या; त्या परत आल्या की कोकिळेने पाटी-पुस्तक उचलायचं.

दुसरी जागा शाहपूरची. खंडव्याच्या जिल्हा कौन्सिलने तिथे मुलींची शाळा मंजूर केली होती. अट एकच, गावाने खोली द्यावी आणि पास झालेली शिक्षिका मिळवावी. चैत्राआधी मिळाली नाही तर शाळा दुसऱ्या गावाला जाणार. ही जागा कायमची. पगार दोन रुपयांनी जास्त, पण तेवढ्यावर कोणी अडून बसावं असं नव्हतं.

"यात विचार काय करायचा?" रंभाबाई म्हणाल्या. "एक जागा उंबऱ्याशी, पण ती दुसरीची. दुसरी लांबची, पण आपली. कायम ते कायम."

कोकिळेने आधीच ठरवलं होतं. शाहपूर. मात्र तिचं कारण आईला सांगण्यासारखं नव्हतं.

शाहपूर तिचं सासर. सात वर्षांपूर्वी दिवाळीला नवऱ्याने, यादवरावने, तिला बैलांच्या धमणीत बसवून माहेरी पोचतं केलं होतं. ट्रंकही दिली होती बरोबर. चार दिवसांसाठी ट्रंक कशाला, असं तिला वाटलं होतं, पण विचारलं नाही. मग एका सकाळी कासार बांगड्या घेऊन दारात आला आणि टोपली उतरवता उतरवता सहज म्हणाला, "काल शाहपूरला नवरीचा चुडा भरला. तुमच्याच गावची नवरी, बाई. यादवरावची." त्याला ठाऊक नव्हतं समोर कोण बसलंय. कोकिळेचा हात त्याच्या हातात होता. त्याने मापाची बांगडी चढवली आणि ती चढेपर्यंत तिने हात मागे घेतला नाही.

मूल होत नाही म्हणून दुसरी केली, असं मागाहून कळलं. सासूने निरोप धाडला, "येऊन राहायचं असेल तर राहा, दोघी मिळून काम करा." कोकिळा गेली नाही. ती नागपूरला गेली.

आता तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. शाहपूरच्या मारुतीच्या ओसरीवर खुर्ची, खुर्चीत आपण. समोर सवतीची पोर पाटी घेऊन बसलेली. सासू रस्त्याने जाताना पदर सावरून म्हणते, "बसा बाई." आणि यादवराव शाळेवरून जाताना मान वर करत नाही. या चित्रासाठी ती तापी रोज पोहून गेली असती.

शनवाऱ्याच्या शाळेच्या मोठ्या बाई मथुराबाईंकडे ती नुसतं सांगायला गेली. मथुराबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही.

"कायम जागा, हे खरं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे मी तुला उद्याचा भरवसा देऊ शकत नाही. मालती येईलही, तिची सासू तिला सोडणारही नाही. पण मला सांग, तिथे तुझ्या वर कोण?"

"कोणी नाही. एकटीच. पहिल्या दिवसापासून हेडबाई."

"आणि शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच. एकटीच्या शाळेत बाई चढणार कुठे? चार इयत्ता एका ओसरीवर, चुकलं तर सांगायला कोणी नाही, नवं दाखवायला कोणी नाही. इथे आम्ही पाचजणी आहोत. भांडतो, पण एकमेकींचे धडे बघतो. वरची परीक्षा द्यायची तर मी शिकवीन. बरं, पावसाळ्यात जाशील कशी? तापीला नाव असते, पूर असला की नावही नसते."

"तिथेच राहावं लागेल."

"कुठे?"

कोकिळेने खुर्चीचा विचार केला होता. चुलीचा केलाच नव्हता.

"रजा कोण देणार? हजेरीवर सही कोणाची? हे विचारून घे," मथुराबाई सुपातला खडा बाहेर टाकत म्हणाल्या. "खडा बारीक असला तरी दात मोठाच पडतो."

उत्तरं आपण होऊन चालत आली. तिसऱ्या दिवशी दारात धमणी थांबली आणि यादवराव उतरला. बरोबर भरिताच्या वांग्यांची टोपली, आईसाठी खण. पोट सुटलं होतं, बोलणं मात्र तेच, लोण्यासारखं.

"रंभामामी, झालं ते झालं," तो पाटावर बसत म्हणाला. "आता तुमची पोर गावची मास्तरीण होणार. शाळेच्या कमिटीत मीच आहे ना. मीच कौन्सिलला नाव कळवलं. म्हटलं, घरची बाई असताना बाहेरची कशाला?"

कोकिळा दाराआडून बाहेर आली. "राहायचं कुठे?"

"हे काय विचारणं झालं? घर आहे की. मागची खोली सारवून ठेवली. सकाळी शाळा, संध्याकाळी घर. तिला तीन पोरं सांभाळून होत नाही, तुझा हातभार लागेल."

"आणि रजा?"

"मंग, मी आहे ना. तू सांग, मी सही करतो. पगारसुद्धा कमिटीतून माझ्याच हाती येणार, तुला कुठे जायची गरज नाही." तो हसला. "बायकोचा पगार नवऱ्याने घेतला तर कोण काय म्हणते?"

रंभाबाईंचे डोळे भरून आले. जावई परत आला होता. कोकिळा चहा करायला आत गेली आणि चुलीत काटक्या सारता सारता तिला सगळं कळलं. ती ज्याला आपला सूड समजत होती, ती त्याने सारवून ठेवलेली खोली होती. पगार आणणारी मोलकरीण त्याला हवी होती आणि ती स्वतःच्या पायांनी, मान ताठ करून, तिकडे निघाली होती. त्याच्या सहीवाचून तिला तापसुद्धा आला नसता.

तिने चहात साखर जास्त घातली. कप नेऊन दिला आणि म्हणाली, "कमिटीसमोर ठरवू. मी शाहपूरला येते. बैठक लावा, पाटलांना बसवा."

"लावतो ना," यादवराव खूश झाला.

रंभाबाईही बरोबर निघाल्या; जाताना त्यांनी लेकीच्या पिशवीत नवा कुंकवाचा करंडा घातला. कोकिळेने पाहिलं, काढला नाही. आईचं तोंड वाटेत बंद राहील, तेवढंच.

बैठक मारुतीच्या ओसरीवरच भरली. उखर्डू पाटील तक्क्याला टेकून, बाजूला यादवराव, खाली गावकरी. खांबापाशी पाच-सहा पोरी नवी बाई बघायला आलेल्या. त्यांतल्या एकीचं कपाळ यादवसारखं रुंद होतं. सासूही आली होती, लांब भिंतीशी.

"बोला बाई, कधीपासून येता?" पाटलांनी विचारलं.

"काका, चार गोष्टी विचारते, मग सांगते. मला राहायला गाव कुठे जागा देतं?"

पाटील यादवकडे बघू लागले. "घरीच ना," यादव म्हणाला. "दुसरीकडे कशाला?"

"माझ्या हजेरीवर सही कोणाची?"

"माझी."

"पगार कोणाच्या हातात?"

"माझ्याच. आपल्यात काय वेगळं आहे का?"

"आणि मला न विचारता माझं नाव कळवलं कोणी?"

"मीच तर." यादवच्या आवाजात शाबासकी मागणारा सूर होता. गावकऱ्यांतलं कोणीतरी खोकलं. पाटील तक्क्यावरून सरळ झाले.

कोकिळा उभी राहिली. "यादवरावांनी मला दिवाळीला ट्रंक देऊन पोचवलं, तेव्हा त्यांना मी घरची वाटले नाही. आता सरकारी पगार लागला तेव्हा वाटते. काका, जागा कायमची आहे, पण तिच्या चारी दारांना यादवरावांचं कुलूप आहे. मी रजेवरची जागा घेते. उद्या गेली तर गेली, पण ती घालवायला यांची सही लागणार नाही."

"शाळा जाईल ना पण," पाटील हळू म्हणाले. "दुसरी बाई आता कुठून आणायची?"

"ते यादवरावांना विचारा. त्यांनी दुसरी आणली होती एकदा, चार दिवसांत."

ओसरीवर हसू फुटलं. पहिलं हसणारे यादवचेच भाऊबंद होते. यादवचं तोंड पिकल्या वांग्यासारखं झालं. सासूने पदर तोंडाशी नेला. कोकिळेने ते सगळं नीट पाहून घेतलं, घाई केली नाही. परत येताना रंभाबाई धमणीत वाटभर रडल्या. नावेत बसल्यावर कोकिळेने पिशवीतला करंडा काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

शाळा खरोखरच दुसऱ्या गावाला गेली. खांबापाशी उभ्या पोरी कधीमधी तिला आठवत. मग तिला कासाराची टोपली आठवे आणि पोरी बाजूला सरत.

तिला हे स्वस्तात पडलं नाही. मालतीबाई बाळाला घेऊन परत आल्या आणि कोकिळा घरी बसली. रंभाबाई पोळी वाढताना म्हणत, "कायमची पोळी सोडून आलीस." पण कोकिळा रोज दुपारी मथुराबाईंकडे जाऊन गणिताचे धडे करत राहिली, बिनपगारी. पुढे त्याच शाळेत दुसरी जागा रिकामी झाली, ती तिला मिळाली आणि टिकली. वरची परीक्षा झाली. मथुराबाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत बसायला वरची परीक्षा झालेली एकच बाई शाळेत होती.

त्या खुर्चीत बसून तिने दहा वर्षं काढल्यावर जूनमधल्या एका सकाळी व्हरांड्यात पालकांची रांग लागली होती. रांगेत एक माणूस होता, पागोटं हातात, चपला काढलेल्या. शेजारी रुंद कपाळाची, परकर-पोलक्यातली धाकटी मुलगी. त्या दिवशी खांबापाशी उभी होती ती ही नव्हे. त्या थोरलीचं लग्न केव्हाच झालं होतं, पाटीला हात न लागता.

कोकिळाबाईंनी त्याला ओळखलं. शिपायाला सांगून आणखी दोघांना आधी आत घेतलं. मग त्याला बोलावलं, बस म्हटलं नाही.

"मुलगी राहणार कुठे?"

"इथेच सिंधीपुऱ्यात, बाई. माझ्या बहिणीकडे."

"आजारी पडली तर रजेची चिठ्ठी कोण देणार?"

"मी देईन ना, बाई."

"तुमची नाही चालायची. इथे जी सांभाळते तिची सही लागते. बहिणीला पाठवा."

"जी."

कोकिळाबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने पाटी छातीशी धरली होती.

"तू आत ये," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे न बघता, "तुम्ही बाहेर थांबा. नाव कधी घालायचं ते मी सांगीन."

तो बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. कोकिळाबाईंनी त्याच्या मुलीला पहिलीच्या वर्गापर्यंत स्वतः पोचवलं, खिडकीजवळची जागा दिली, पाटीवर पहिलं अक्षर काढून दिलं. मग परत येऊन चहा मागवला आणि सावकाश संपवला.